लघुप्रबंधाचा व्हायवा: समज, निवडींचे समर्थन आणि प्रश्नांची हाताळणी यांचे गुण कसे द्यावेत

एम. ए. किंवा एम. एस्सी.च्या शेवटच्या सत्रातला व्हायवा बऱ्याच ठिकाणी ठरावीक वळणाने जातो. विद्यार्थी वीस मिनिटे पीपीटी वाचतो, बहिःस्थ परीक्षक प्रबंध चाळत दोन-तीन प्रश्न विचारतात, "पुढे काय करायचा विचार आहे?" हा शेवटचा प्रश्न होतो आणि ५० पैकी ३८, ४०, ४२ असे गुण पडतात. ३८ आणि ४२ यांत फरक काय, असे कोणी विचारले तर "ती जरा कॉन्फिडंट होती" याच्या पुढे उत्तर जात नाही. गुण तर दिले, पण ते कशाचे दिले हे परीक्षकालाही सांगता येत नाही.

एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये दाखवून दिले होते की माणसाचा एक गुण डोळ्यात भरला की मूल्यमापन करणारा त्याच्या बाकीच्या गुणांनाही तसेच मोजू लागतो. व्हायवात डोळ्यात भरणारी गोष्ट म्हणजे बोलण्याची सफाई, त्यातही इंग्रजीची. ती एकदा पसंत पडली की तीच समज ठरते आणि तीच समर्थनही. म्हणून पुढची सगळी पद्धत एकाच कामासाठी आहे: तीन रकाने एकमेकांत मिसळू न देणे.

गुणविभागणी विद्यापीठागणिक बदलते. इथे व्हायवासाठी ५० गुण धरले आहेत: समज २०, निवडींचे समर्थन १५, प्रश्नांची हाताळणी १५. तुमच्या गुणपत्रकात एकच रकाना असला तरी स्वतःच्या कागदावर तीन आखा आणि शेवटी बेरीज भरा.

तीन रकान्यांत नेमके काय मोजायचे

समज म्हणजे प्रबंधात जे लिहिले आहे त्याचा अर्थ विद्यार्थ्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येणे. व्याख्या पाठ असणे ही समज नव्हे. ती तपासायचा सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे त्याच्याच तक्त्यातल्या एका आकड्यावर बोट ठेवून "हा आकडा काय सांगतो?" आणि लगेच "काय सांगत नाही?" असे विचारणे. पहिल्याचे उत्तर पुष्कळांना येते. समज कळते ती दुसऱ्याच्या उत्तरात.

समर्थन म्हणजे निवडीमागचे कारण. कोणत्याही लघुप्रबंधात पाच-सहा फाटे असतात: गाव किंवा संस्था कोणती घेतली, किती जणांकडून माहिती घेतली, त्यांना कसे निवडले, कोणत्या काळाची माहिती, कोणते साधन, कोणते विश्लेषण. चांगल्या समर्थनात तीन गोष्टी येतात. दुसरा कोणता रस्ता होता, तो का सोडला आणि निवडलेल्या रस्त्याची काय किंमत मोजली. "वेळ कमी होता" हे कारण कमी दर्जाचे समजून परीक्षक नाक मुरडतात, पण चार महिन्यांच्या कामात ते अगदी रास्त कारण आहे. त्याच्या पाठोपाठ "त्यामुळे माझ्या निष्कर्षात अमुक उणीव राहिली" हे वाक्य आले, तर पूर्ण गुण द्यायला हरकत नाही. "गाइडनी सांगितले" हे प्रामाणिक उत्तर असते, समर्थन नसते. तिथे रकाना लगेच कोरा सोडू नका. "गाइडनी तसे का सांगितले असेल?" असे विचारून एक संधी द्या.

हाताळणीचा रकाना सगळ्यात जास्त चुकवला जातो, कारण तिथे सरळ सफाईचे गुण पडतात. मोजायचे आहे ते वेगळेच. प्रश्न नीट ऐकला का, कळला नाही तर पुन्हा विचारला का, माहीत असलेले आणि अंदाजाचे वेगळे ठेवले का, रास्त आक्षेप मान्य केला का आणि चुकीचा आक्षेप आदराने पण ठामपणे परतवला का. अडखळत, मराठी-इंग्रजी मिसळून हे सगळे करणाऱ्याला १५ पैकी १३ पडू शकतात. न थांबता बोलून विचारलेल्या प्रश्नाला बगल देणाऱ्याला ५.

या रकान्याचे उत्तराच्या बरोबर-चूक असण्याशी देणेघेणे नाही, हे पहिल्या दोन-तीन व्हायवांत परीक्षकाला अवघड जाते. "हे मी तपासले नाही" या उत्तराने समजेचा किंवा समर्थनाचा गुण जातो, हाताळणीचा मिळतो. एका उत्तराची नोंद दोन रकान्यांत दोन प्रकारे होऊ शकते आणि ती तशीच झाली पाहिजे.

प्रबंध वाचताना प्रश्नपत्ता तयार करणे

ऐनवेळी सुचलेले प्रश्न बहुधा प्रस्तावनेवर किंवा मुद्रणदोषांवर असतात, कारण पाने उलटताना तेच दिसते. साठ-सत्तर पानांच्या लघुप्रबंधाला आधी दीड-दोन तास द्यावे लागतात. पहिल्या पानापासून वाचू नका. आधी उद्दिष्टे, मग थेट निष्कर्ष, मग तक्ते, मग संशोधन पद्धतीचे प्रकरण आणि शेवटी परिशिष्टातली प्रश्नावली. या क्रमाचा फायदा असा की उद्दिष्टात जे विचारले आणि निष्कर्षात जे ठोकून सांगितले, ते तक्त्यांतून खरोखर निघते का, हे डोळ्यांसमोर राहते. सगळ्यात कसदार प्रश्न या सांध्यांवर सापडतात. प्रश्नावलीत एखादी गोष्ट विचारलीच नसेल आणि निष्कर्षात तिच्यावर विधान असेल, तर तुमचा प्रश्न तयार झाला.

पोस्टकार्डाएवढ्या कागदावर, म्हणजे प्रश्नपत्त्यावर, प्रबंधातल्या सहा जागा टिपा: पान क्रमांक, तक्ता क्रमांक आणि एक ओळ. दोन समजेसाठी, तीन निवडींसाठी, आणि एक अशी जिथे तुम्हाला खरोखर आक्षेप आहे. हाताळणीसाठी वेगळे प्रश्न काढायची गरज नाही, ती याच प्रश्नांतून दिसते. प्रत्येक जागेवर प्रश्नाच्या तीन पायऱ्या लिहा: "काय केले", "असेच का", "तसे नसते तर". पहिल्या पायरीवर घाबरलेला विद्यार्थीही बोलू लागतो. तिसऱ्या पायरीवर हुशार आणि पाठांतरवाला वेगळे पडतात. थेट तिसऱ्या पायरीवरून सुरुवात केली तर दोघेही गप्प बसतात आणि तुमच्या हाती काहीच लागत नाही.

त्या दिवशीच्या सगळ्या विद्यार्थ्यांना प्रश्न वेगळे असले तरी पायऱ्या सारख्याच ठेवा. नाहीतर एकाला "तुमचा नमुना किती?" आणि दुसऱ्याला "हा नमुना पुरेसा आहे हे कशावरून?" असे प्रश्न जातात आणि दोघांचे गुण एकाच यादीत बसतात.

तीस मिनिटांची वाटणी

एका विद्यार्थ्याला तीस मिनिटे मिळत असतील तर सादरीकरण ७ मिनिटे, प्रश्न १८, परीक्षकांनी आपापले गुण लिहायला ३ आणि आपसांत बोलायला २. सात मिनिटांची अट आदल्या दिवशी विभागामार्फत कळवा. न कळवता मध्येच तोडले तर विद्यार्थी गडबडतो आणि पहिले दोन प्रश्न वाया जातात. सादरीकरणाला या ५० मध्ये गुण नाहीत हेही आधीच सांगा. ते ऐकायचे कशासाठी? प्रश्नपत्त्यावरच्या सहा जागांपैकी कुठल्या जागेवरून त्याने घाईने उडी मारली, ते पाहण्यासाठी.

अठरा मिनिटांत सहा जागा होत नाहीत, चार होतात. प्रत्येक जागेला साधारण साडेचार मिनिटे. म्हणून सहांपैकी कोणत्या चार सोडायच्या नाहीत ते आधीच ठरवा. दोन परीक्षक असतील तर जागाही वाटून घ्या: एकाने विचारायचे, दुसऱ्याने लिहायचे, मग अदलाबदल. विचारणाऱ्याला लिहिता येत नाही, आणि लिहिले नाही तर पाचव्या विद्यार्थ्यानंतर पहिल्याने काय सांगितले होते ते आठवत नाही. नोंद मताची करू नका, उत्तराची करा. "गोंधळलेला" असे लिहू नका. "पी-मूल्य म्हणजे चुकीचे उत्तर येण्याची शक्यता, असे म्हणाला" असे लिहा. गुणांबद्दल तक्रार आली तर पहिल्या नोंदीला काही किंमत नसते.

प्रश्न विचारल्यावर थांबा. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी शाळांच्या वर्गांत केलेल्या अभ्यासात शिक्षक सरासरी एखाद्या सेकंदातच पुढे बोलू लागतात असे आढळले, आणि तीन सेकंद थांबल्यावर उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली. व्हायवात प्रश्न अवघड असतो, म्हणून मनात दहापर्यंत मोजा. दहा सेकंदांची शांतता तुम्हाला जेवढी जड जाते तेवढी ती लांब नसते.

एक व्हायवा जवळून

समजा एम. ए. अर्थशास्त्राचा लघुप्रबंध आहे: एका तालुक्यात ठिबक सिंचनाचा ऊस उत्पादनावर झालेला परिणाम. तीन गावांतून १२० शेतकरी, ठिबकवाले ६०, पाटपाण्यावरचे ६०. ठिबकवाल्यांचे सरासरी उत्पादन एकरी ४६ टन, इतरांचे ४२. दोन्ही गटांत प्रमाण विचलन १० टनांच्या आसपास, टी-चाचणीत पी-मूल्य ०.०३. निष्कर्षात लिहिले आहे: "ठिबकमुळे एकरी ४ टन उत्पादन वाढते हे सिद्ध होते."

परीक्षकाने वाचतानाच दोन जागा हेरल्या आहेत. एक म्हणजे पी-मूल्य. दुसरी, प्रश्नावलीत लागवडीचा हंगाम विचारला आहे, पण कुठल्याही तक्त्यात तो आलेला नाही. उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या कोणालाही माहीत असते की जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस दीड वर्षाच्या आसपास शेतात उभा राहतो आणि हिवाळ्यात लावलेल्या "सुरू" उसापेक्षा जास्त उतरतो, तर तोडणीनंतर त्याच खोडांतून फुटलेला खोडवा सहसा कमी. हंगाम न पाहता दोन गटांची तुलना केली तर फरक ठिबकचा की हंगामाचा, हे सांगता येत नाही.

पहिली जागा:

"तक्ता ४.६ मध्ये पी-मूल्य ०.०३ आहे. ते काय सांगते?"

"मॅडम, ०.०५ पेक्षा कमी आहे म्हणून फरक सिग्निफिकंट आहे."

"बरोबर. सिग्निफिकंट म्हणजे काय, हे तुमच्या गावातल्या शेतकऱ्याला कसे सांगाल?"

"म्हणजे… ठिबकमुळे उत्पादन वाढते याची ९७ टक्के खात्री आहे."

इथे परीक्षकाच्या तोंडावर दुरुस्ती आलेली असते. ती गिळायची. आधी उत्तर जसेच्या तसे टिपायचे आणि मग एक पायरी खाली उतरायचे.

"समजा ठिबकचा काहीच परिणाम नसतो. तरी दोन गटांत ४ टनांचा फरक दिसला असता का?"

बराच वेळ शांतता.

"दिसू शकला असता. योगायोगाने काही चांगले शेतकरी एका गटात आले तर."

"मग ०.०३ कशाची शक्यता आहे?"

"…परिणाम नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची. मग मी आधी सांगितले ते चुकीचे आहे, मॅडम."

ही समज आधाराने आलेली आहे. पूर्ण गुण नाहीत, पण शून्यही नाही, कारण परीक्षकाने उत्तर सांगितले नाही, फक्त वाट मोकळी केली. नोंद अशी: "९७ टक्के खात्री म्हणाली, दोन उपप्रश्नांनंतर स्वतः दुरुस्त केले." शेवटच्या वाक्याची नोंद हाताळणीच्या रकान्यातही जाते, आणि तिथे ती भरघोस जमेची आहे.

दुसरी जागा:

"प्रश्नावलीत लागवडीचा हंगाम विचारला आहे. तक्त्यात का नाही?"

"मॅडम, उद्दिष्टात ठिबकच होते, म्हणून हंगाम घेतला नाही."

"तुमच्या ६० ठिबकवाल्यांत आडसाली किती होते?"

विद्यार्थिनी सोबत आणलेली वही उघडते. "तीस. आणि पाटपाणीवाल्यांत बारा."

"आडसालीला एकरी १० टन जास्त पडतात असे धरा. मग?"

कागदावर आकडेमोड होते. ठिबक गटात आडसालीचे प्रमाण निम्मे, दुसऱ्यात पाचवा हिस्सा, म्हणजे ३० टक्क्यांचा फरक. १० टनांचे ३० टक्के म्हणजे ३ टन.

"चारांपैकी तीन टन हंगामाचेच निघतात, मॅडम. ठिबकचा एकच टन उरतो. पण १० टन हे आपण धरलेले आहे. माझ्या माहितीतून आडसालीचा फरक किती, ते वेगळे काढावे लागेल. आणि ठिबक असल्यामुळेच काहींनी आडसाली लावला असेल, तर त्या तीन टनांतही ठिबकचा थोडा वाटा आहे."

शेवटचे वाक्य परीक्षकालाही सुचले नसण्याची शक्यता आहे. विद्यार्थिनीने आक्षेप मान्य केला, त्याची मर्यादा दाखवली आणि आक्षेपात राहून गेलेली गोष्टही सांगितली. हाताळणी यालाच म्हणतात.

आता गुण. समज: हंगामाचा हिशेब तिने स्वतः केला, पी-मूल्याला आधार लागला, २० पैकी १५. समर्थन: हंगाम वगळण्याला तिच्याकडे कारण नव्हते, "उद्दिष्टात नव्हते" हे कारण नव्हे. उरलेल्या दोन जागांपैकी एका जागी तीन गावे का निवडली याचे उत्तर नीट आले असे धरले, आणि १२० च का या जागेवर "गाइडनी सांगितले" च्या पुढे ती गेली नाही असे धरले, तर १५ पैकी ८. हाताळणी: १५ पैकी १४. एकूण ३७. हेच एकरकमी दिले असते तर शेवटच्या झकास उत्तराच्या भरात ४४ पडले असते, किंवा सुरुवातीच्या "९७ टक्के"ने मन बिघडून ३०.

याच प्रश्नावर दुसरा विद्यार्थी म्हणाला असता, "मॅडम, हंगामाचा काही संबंध नाही, टी-चाचणीत सगळे आपोआप येते," तर समज ५-६ वर थांबते. आवाजात कितीही जोर असला तरी.

आकडा कसा ठरवायचा

प्रत्येक रकान्याचे चार टप्पे धरा आणि आधी टप्पा ठरवा, आकडा नंतर. समजेच्या २० मध्ये १६ ते २० म्हणजे तिसऱ्या पायरीपर्यंत आधाराशिवाय पोहोचला आणि आपल्या निष्कर्षाची हद्द स्वतः सांगितली. ११ ते १५ म्हणजे दुसऱ्या पायरीपर्यंत स्वतः, पुढे उपप्रश्न लागले. ६ ते १० म्हणजे काय केले ते सांगता आले, अर्थ सांगता आला नाही. पाच किंवा कमी म्हणजे आपल्याच तक्त्यात काय आहे ते माहीत नाही. १५ च्या रकान्यांत हीच उतरंड १२ ते १५, ८ ते ११, ४ ते ७ आणि त्याखाली अशी लावा.

उपप्रश्नाने मदत करणे आणि उत्तर सुचवणे यांत फरक ठेवा. "हंगामामुळे फरक पडला असेल, नाही का?" असे विचारल्यावर आलेल्या "हो मॅडम"ला काहीही गुण नाहीत, कारण उत्तर तुम्हीच दिले. जोडप्रश्नही टाळा. "नमुना कसा निवडला आणि १२० च का आणि स्त्री शेतकरी किती?" अशा प्रश्नाला विद्यार्थी सोपा तुकडा उचलतो, आणि त्याने अवघड टाळला की तो विसरला, हे कळायला मार्ग उरत नाही.

दोन्ही परीक्षकांनी एकमेकांशी बोलण्याआधी गुण लिहिलेच पाहिजेत. अंतर्गत परीक्षकाने "चांगली मुलगी आहे, बेचाळीस द्या" म्हटले की बहिःस्थाचा आकडा त्याच्या आसपासच फिरतो. तीन मिनिटे गप्प बसून लिहायला सांगितलेली आहेत ती यासाठीच. एखाद्या रकान्यात दोघांत तीनपर्यंत फरक असेल तर सरासरी घ्या. त्याहून जास्त असेल तर सरासरी काढू नका, नोंदी समोर ठेवा. बहुतेक वेळा असे निघते की एकाने ऐकलेले उत्तर दुसऱ्याने ऐकलेच नव्हते, किंवा दोघे एकाच उत्तराला वेगवेगळ्या रकान्यात मोजत होते.

दिवसातल्या पहिल्या दोन विद्यार्थ्यांचे गुण पेन्सिलीने लिहा. पहिल्याच्या वेळी पट्टी हातात बसलेली नसते. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या नोंदी पुन्हा वाचून टप्पा तोच राहतो का ते पाहा. अतिशय हुशार विद्यार्थ्याच्या लगेच मागे आलेला बरा विद्यार्थी कच्चा वाटतो. त्यावरही नोंदी पुन्हा वाचणे एवढाच उपाय आहे.

जिथे व्हायवा हातातून निसटतो

मार्गदर्शक खोलीत असतील तर ते मध्ये बोलतात. वाईट हेतूने नव्हे, विद्यार्थी अडकला की राहवत नाही. सुरुवातीलाच सांगून टाका: "सर, आधी यांना बोलू द्या, तुम्हाला शेवटी दोन मिनिटे देतो." तरीही त्यांनी एखादे उत्तर पुरवलेच, तर ती जागा रद्द धरून प्रश्नपत्त्यावरची पाचवी जागा घ्या. त्या उत्तराचे गुण द्यायचे नाहीत आणि कापायचेही नाहीत.

परीक्षकाचे व्याख्यान हा दुसरा प्रकार, आणि खरे तर जास्त नुकसान याचेच. विषय आवडीचा निघाला की अठरातली आठ मिनिटे परीक्षकच बोलतो, विद्यार्थी मान डोलावतो आणि शेवटी "छान चर्चा झाली" म्हणून चांगले गुण पडतात. दुसऱ्या परीक्षकाने घड्याळ पाहावे. सांगण्यासारखे असेल ते गुण लिहून झाल्यावर सांगता येते.

भाषेचे सुरुवातीलाच मोकळे करा: उत्तर मराठीत, इंग्रजीत किंवा मिसळून चालेल, विद्यापीठाचा नियम आड येत नसेल तर. एखादा प्रश्न इंग्रजीत विचारल्यावर गप्प झालेला विद्यार्थी तोच प्रश्न मराठीत ऐकून बोलू लागला, तर तो उपप्रश्न मोजू नका. तो आधार भाषेचा होता.

रडू येणे, आवाज थरथरणे, तोंड कोरडे पडणे हेही होते. पाणी द्या, दोन मिनिटे थांबा आणि पहिल्या पायरीचा सोपा प्रश्न घ्या: "शेतावर गेलात तेव्हा पहिला प्रश्न कोणता विचारायचात?" हाताने केलेल्या कामाबद्दल बोलताना बहुतेक जण सावरतात. हा प्रश्न दुसऱ्या कामालाही येतो. काम स्वतः केले आहे का अशी शंका असेल तर सिद्धांत विचारून काही कळत नाही. कोणत्या गावात लोक बोलायला तयार नव्हते, कोणत्या प्रश्नाला सगळे अडखळले, एक प्रश्नावली भरायला किती वेळ लागायचा, भरलेल्या प्रश्नावल्या आता कुठे आहेत, असे विचारा. फिरून आलेल्याला हे सांगायला आठवावे लागत नाही. शंका पक्की झाली तरी ती गुण कापून मिटवू नका. ती वेगळी बाब आहे, विभागप्रमुखांकडे लेखी द्या आणि गुण उत्तरांवरच द्या.

पीएच.डी.चा व्हायवा असेल तर

तिथे गुणांचा प्रश्न सहसा नसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्रबंध मार्गदर्शक आणि किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो, आणि दोन्ही बाहेरच्यांनी स्वीकारार्ह ठरवल्यावरच खुला व्हायवा होतो. मंडळात मार्गदर्शक आणि त्या दोघांपैकी किमान एक परीक्षक असावा लागतो आणि व्हायवा ऑनलाइन घेता येतो. म्हणजे व्हायवाला बसताना प्रबंध चांगला की वाईट हे बऱ्याच अंशी ठरलेले असते. राहते ते एवढेच: हे काम या माणसाचे आहे का आणि त्याला त्याचे समर्थन करता येते का. हजर नसलेल्या परीक्षकाच्या अहवालातले प्रश्न आधी घ्या, कारण त्यांची उत्तरे नोंदवली जाण्याची दुसरी संधी नसते. श्रोत्यांचे प्रश्न त्यानंतर. श्रोत्यांत बसलेल्या सहकाऱ्याने कौतुकाचा प्रश्न टाकला तर ऐकून घ्या, पण नोंदीत घेऊ नका.

तीन रकाने इथेही कामाला येतात, फक्त आकड्यांऐवजी वाक्यांत. "उमेदवाराने सर्व प्रश्नांची समाधानकारक उत्तरे दिली" हे वाक्य जवळपास प्रत्येक अहवालात असते आणि त्यातून कोणालाच काही कळत नाही. त्याऐवजी प्रत्येक रकान्यासाठी एक प्रश्न, त्याचे उत्तर दोन ओळींत आणि तुमचा अभिप्राय एका ओळीत लिहा. एवढे सहसा एका पानात बसते. व्हायवातून दुरुस्ती निघाली असेल, उदाहरणार्थ "सिद्ध होते" च्या जागी "असे दिसते, मात्र हंगामाचा परिणाम वेगळा केलेला नाही", तर पान क्रमांकासह तीही त्याच पानावर लिहा आणि अंतिम प्रत जमा होण्याआधी ती कोणी तपासायची त्याचे नाव खाली टाका.